कोण आदी आला, त्ये म्या न्हाई पाहिले

पिंपळे सौदागरच्या एखाद्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर तुम्ही राहत असाल, तर प्रवास फार लांबचा नाही. जागा तीच ठेवा, फक्त साल बदला. शके 1837, कार्तिक शुद्ध द्वितीया. इंग्रजी कॅलेंडरात 1915 चा नोव्हेंबर चालू आहे. इमारती नाहीत. पवनेच्या काठी पांढरीवरची मातीची घरं आहेत, भोवती शेतं आहेत. पहाट आहे आणि काळोख मिट्ट आहे, कारण बिजेची कोर संध्याकाळी दिसते, पहाटे नाही.

एक सांगून ठेवतो. इथे तुम्ही बाई आहात. पुरुष म्हणून आलात तर ओटीवर घोंगडीत पडून राहाल आणि आतलं काही कळणार नाही. या गोष्टीतलं सगळं महत्त्वाचं माजघरात, जात्यापाशी घडतं.

"बस की गं, पोरी. खुंट्याला हात लाव," कुणीतरी म्हणतं. तुम्ही चाचपडत बसता. एक पाय लांब, एक मुडपलेला. खुंटा गुळगुळीत आहे, त्यावर आधीच एक हात आहे, त्याच्या वर-खाली तुमचे हात बसतात. समोरची बाई डाव्या हातानं सुपातली बाजरी मुठीत घेते आणि जात्याच्या तोंडात वैरते. दिवाळी असो, भाऊबीज असो, बाजरी रोजची रोज दळावी लागते, कारण तिचं पीठ दोन दिवस राहिलं की कडू होतं. जातं जड आहे. पहिले चार वेढे तुम्ही ओढता, मग तेच तुम्हाला ओढू लागतं.

समोर बसलेली बाई या घरची लेक आहे. भाऊबिजेसाठी काल दुपारी सासरहून आली. तिला दोन भाऊ, एक तिच्याहून थोरला, एक धाकटा. वैशाखात त्यांची वाटणी झाली. त्याची खूण तुमच्या पाठीमागेच आहे. माजघराच्या मधोमध कच्च्या विटांची नवी भिंत उभी आहे. ती आढ्यापर्यंत पोचलेली नाही, वर हातभर फट आहे. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. भांडी वाटली, बैल वाटले, गोठ्यातली जागा वाटली. जातं मात्र एकच, ते म्हाताऱ्या आईच्या वाट्याला ठेवलं. दोन्ही सुनांनी यावं आणि दळून न्यावं, असं ठरलं. त्या येतात, पण वेळ चुकवून. एकीचं दळण झाल्याशिवाय दुसरी येत नाही.

भांडण कशावरून, ते तुम्ही काल संध्याकाळी दोन्हीकडे चहाऐवजी गूळपाणी घेताना ऐकलेलं आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हीच पंचाईत.

थोरला म्हणाला, "धाकला खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात जातो. लढाई चालू हाये, काम सुटत न्हाई. त्याच्या पट्टीत नांगर कुनी घातला? म्या. पेरा कुनी केला? म्या. त्याच्या पाळीच्या दिवशी इहिरीवर मोट धरायला मानूस न्हाई, मग पानी तसंच ठिवू? माझी मिरची जळत हुती, म्या घेतलं पानी. चोरी काय झाली त्यात?"

धाकटा म्हणाला, "दादानं पट्टी नांगरली, मान्य. पन नांगरताना बांध कोरला. आमच्या इहिरीत आठ आन्याचा हिस्सा माझा. चार दिस त्याचे, चार दिस माझे. म्या कारखान्यात असलो तरी माझी पाळी माझीच. इचारून घेतलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो का?"

बांधाचा हिशेब करून बघा, म्हणजे गोष्ट किती लहान आणि किती मोठी ते कळेल. समजा, एक एकराचं रान 330 फूट लांब आणि 132 फूट रुंद आहे. दोघांत उभी वाटणी केली की प्रत्येकाला 66 फूट रुंदीची पट्टी येते, म्हणजे 20 गुंठे. आता नांगराचं एक तास फूटभर पलीकडे गेलं, तर 330 चौरस फूट जमीन गेली. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे गेली ती गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. त्यात बाजरी किती येणार? पण तेच तास दरसाल वीतभर सरकत राहिलं, तर दहा वर्षांनी धाकट्याच्या पोराला पट्टी अरुंद का दिसते ते कुणी सांगू शकणार नाही. बांध कोरणारा माणूस नेहमी लबाडच असतो असंही नाही. बैल वळताना ओढ घेतात, पावसानं बांध खचतो, हराळी काढताना कड सुटते. कोरलं की खचलं, हे बांध सांगत नाही.

आणि उभीच वाटणी का करायची? एकानं वरचं रान घ्यावं, एकानं विहिरीखालचं? तसं होत नाही, कारण जमीन सारखी नाही. एका टोकाला काळी, दुसऱ्या टोकाला मुरमाड. कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक रानाचे तुकडे पडतात. न्यायच जमिनीचे तुकडे करतो. याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन या गावाची घरोघर पाहणी करत होते. त्यांचं पुस्तक 1917 मध्ये निघालं, आणि शेतीच्या अर्थशास्त्रात पिंपळे सौदागर हे नाव कायमचं राहिलं. त्यांनी मांडलेला हिशेब असा, की 1771 मध्ये गावातलं सरासरी खातं 40 एकरांचं होतं, 1818 मध्ये ते साडेसतरा एकरांवर आलं आणि त्यांच्या पाहणीच्या वेळी 7 एकरांवर. तुमच्या मागची ही हातभर फटीची भिंत त्या आकड्यांतलीच एक आहे.

आता जात्याकडे लक्ष द्या, ती गायला लागली आहे.

पहिल्या ओव्या देवाच्या. मग आईच्या. तिथपर्यंत तुमचा हात फिरत असतो आणि मन झोपेत असतं. ओवी दोन ओळींची. पहिली ओळ ती म्हणते, दुसरी ओळ पुरी होईपर्यंत मूठभर दाणे आत गेलेले असतात. मूठ जास्त पडली तर पीठ भरड येतं, मूठ चुकली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच येते. म्हणून गाणं हे इथे मापही आहे. आईच्या ओव्या संपल्या की रिवाजानं भावांची पाळी येते, आणि तिथे ती क्षणभर थांबते. कुणापासून सुरुवात करणार? भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं जागी आहेत. थोरल्याचा खोकला ऐकू आला, पलीकडे बांगड्या वाजल्या.

ती वयाच्या मानानं थोरल्यापासून सुरू करते. तुम्हाला वाटतं, झालं, बाजू घेतली. मग दुसरी ओळ येते.

थोरल्याच्या वाफ्यामंदी लोंबी निसवली गं
धाकल्याच्या मोटंनं तिची तहान भागवली

पलीकडच्या बांगड्या थांबल्या. जे पाणी चोरलं की घेतलं यावर सहा महिने वाद चालू आहे, ते तिनं ओवीत धाकट्याच्या हातून देववलं. चोरी नाही, परवानगी नाही, लोंबीला पाणी मिळालं एवढंच. थोरल्याला कबुली द्यावी लागली नाही आणि धाकट्याचा हक्कही बुडाला नाही. पुढच्या ओवीत ती क्रम फिरवते.

धाकल्याच्या खळ्यावरी रास मोठी पडली गं
थोरल्याच्या बैलांनी कणसं मळली

पहिलीत एकाचं पीक आणि दुसऱ्याचं पाणी, दुसरीत याचं उलट. तोल सांभाळायची ही तिची रीत आहे. दोघांची स्तुती सारख्या मापानं करणं सोपं असतं, त्याला कुणी फसत नाही. ती स्तुती करतच नाही. ती एकाचं सुख दुसऱ्याच्या कष्टाला बांधते, म्हणजे एकाला नावं ठेवायची तर स्वतःच्या राशीला नावं ठेवावी लागतील. तुम्ही खुंटा ओढत राहा, ही बाई मुरलेली आहे.

पण चुकते तीही. याच वेळी थोरली वहिनी सूप घेऊन आत येते आणि तुम्हाला खांद्यानं सरकवून तुमच्या जागी बसते. आता खुंट्यावर नणंद आणि भावजय समोरासमोर. तुम्ही बाजूला बसून दाणे वैरा. नणंदेच्या तोंडी सवयीनं पुढची ओवी येते. परक्या घरची लेक आली आणि सोन्यासारख्या भावांत मीठ पडलं, अशा अर्थाची. अशा ओव्या गावोगाव गायल्या जातात. भावांचं भांडण झालं की दोष भावजयीच्या पदरात टाकायचा, म्हणजे दोन्ही भाऊ निर्दोष सुटतात. वरवर हीसुद्धा बाजू न घेण्याचीच युक्ती. खरं तर ती तिसऱ्यावर बाजू उलटवणं आहे.

पहिली ओळ अर्धी होते आणि खुंटा थांबतो. भावजयीनं हात सैल सोडला आहे, काढलेला नाही. जातं एकटीला ओढताच येत नाही असं नाही, पण या वजनाचं जातं एकटीला फार वेळ ओढवत नाही. पहाटे चालतं जातं थांबलं की सगळ्या घराला कळतं. ओटीवरची घोंगडी हलली. नणंद गप्प. मग भावजयच सुरू करते, खालच्या पट्टीत, डोळे खुंट्यावर ठेवून.

तुमी गेलात सासरी, घर आमचं राहिलं गं
दोघा भावांचं भांडण आमी डोईवरी वाहिलं

यातला ‘आमी’ नीट ऐका. ती ‘मी’ म्हणत नाही. भिंतीपलीकडची जाऊही त्यात आली. वैशाखापासून दोघी वेळ चुकवून दळायला येतात, एकमेकींकडे पाहत नाहीत, आणि तरी गाण्यात ती तिला आपल्या बाजूला घेऊन बसली. बोलून हे होणं अशक्य होतं. बोललेल्या शब्दाला उत्तर द्यावं लागतं. ओवी कुणालाच उद्देशून नसते, तिच्यावर रागावलं तर आपणच पकडले जातो.

नणंद हसते, "बरं बाई, हरले." आणि पुढची ओवी ती अशी म्हणते, की तुमच्या हातातली मूठ तशीच राहते.

एका बांधाची हराळी दोन्ही अंगांनी वाढली गं
कुण्या भावानं लावली, कुण्या भावानं काढली

सगळा खटला या दोन ओळींत आहे आणि निकाल त्यात नाही. हराळी कुणी लावत नाही, ती येते. तिची मुळं बांधाखालून दोन्हीकडे जातात. काढायची तर दोघांनी मिळून काढावी लागते, एकानं काढली की दुसऱ्या अंगानं परत फुटते, हे दोन्ही भावांना तुमच्याआमच्याहून चांगलं माहीत आहे.

पुण्याच्या कोर्टात हीच गोष्ट गेली असती तर कागदावर पहिल्याच ओळीत वादी आणि प्रतिवादी लिहावं लागलं असतं. त्याशिवाय दावा दाखल होत नाही. गावच्या पंचांपुढे गेली असती तरी शेवटी एकाचं बरोबर म्हणावं लागलं असतं, कारण पंच निकालासाठीच बसतात. त्यांना दोष द्यायचा नाही, पाण्याची पाळी कुणीतरी ठरवून द्यावीच लागते. पण निकाल लागल्यावर दोघांनी एकमेकांच्या घरी जायचं कसं, याची सोय ना कोर्टात आहे ना चावडीत.

मघाशीच एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल. भिंतीपलीकडून धाकटी जाऊ आली आहे. तिच्याही हातात सूप आहे. ती उभीच आहे, पाळी येईल म्हणून. थोरली तिच्याकडे न बघता थोडी सरकते. धाकटी बसते आणि आपली बाजरी त्याच सुपात ओतते. तीन बायकांना एका खुंट्याला हात लावता येतो, जागा पुरते. पीठ कुणाचं किती, हे आता सांगता येणार नाही. नणंद शेवटची ओवी म्हणते.

एका ताटामंदी म्या दोन दिवे लाविले गं
कोण आदी आला, त्ये म्या न्हाई पाहिले

अजून उजाडलंही नाही. ओवाळणी संध्याकाळी आहे. कुणी आलेलं नाही. ती झालेली गोष्ट सांगत नाही, व्हायची आहे ती झाल्यासारखी म्हणते आहे. आणि भावांची खरी अडचण तिनं नेमकी ओळखली आहे. दोघांनाही जायचं आहे, दोघांनाही पहिलं पाऊल टाकायचं नाही. ‘आधी तू आलास’ हे जन्मभर ऐकावं लागेल ही धास्ती. पहिला कोण हे मी पाहणारच नाही, असा शब्द बहिणीनं काळोखात, दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात, आधीच देऊन टाकला.

दिवसभराचं फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी अंगणात, भिंतीच्या ना अलीकडे ना पलीकडे, दोन पाट मांडले जातात. बहीण ताट आणायला आत जाते आणि मुद्दाम वेळ लावते. बाहेर येते तेव्हा दोघे बसलेले असतात. तुम्ही मात्र दारातच होता, तुम्ही पाहिलंत कोण आधी आलं. गप्प राहा.

मिटलं म्हणजे काय, तेही बघून घ्या. भिंत तशीच राहिली. दोन चुली राहिल्या. बांध जिथे होता तिथेच ठेवला, मागचं मोजायचं नाही असं ठरलं, आणि होळीच्या आत दोघांनी मिळून हराळी खणून दगड बसवायचे. विहिरीची पाळी बदलली. धाकट्याला कारखान्याची सुट्टी रविवारी, म्हणून रविवार त्याचा. बाकीचे दिवस मोट थोरल्यानं धरायची आणि धाकट्याच्या वाफ्याला पाणी पोचवायचं. त्याबदल्यात मोटेचं चामडं, नाडा, सौंदर यांचा खर्च धाकट्याच्या पगारातून. हे सगळं दोघे पाटावर बसल्या बसल्या ठरवतात, जणू सहा महिने याच बोलण्याची वाट बघत होते. "कोरला हुता" हे थोरला म्हणाला नाही. "पानी चोरलं न्हवतं" हे धाकटा म्हणाला नाही. पुढच्या पिढीत हेच भांडण परत निघणार नाही असं कुणी समजू नये. 66 फुटांच्या पट्टीचे पुन्हा दोन भाग झाले की 33 फूट उरतात.

आता परत या. येताना वाटेत एक-दोन गोष्टी पाहा. एंजिनाची पिठाची गिरणी गावोगाव आली तशी पहाटेची ती बैठक मोडली, आणि बैठकीबरोबर ओव्याही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळच्या बायकांबरोबर काम करताना त्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे हजाराहून जास्त गावांतल्या लाखभर ओव्या जमा झाल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आवाजासकट ऐकता येतात. भावांच्या ओव्या तिथे भरपूर आहेत, त्या सगळ्या निःपक्षपाती नाहीत. भावजयीला बोल लावणाऱ्या खूप आहेत. एकटी बहीण गायली की असं होतं.

आणि ही दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. त्या पहाटेच्या बाईला बाजू घ्यायची नव्हती, याचं एक कारण तिचं शहाणपण. दुसरं कारण असं, की वाटणीत तिला काहीच मिळणार नव्हतं. त्या काळच्या कायद्यानं आणि रिवाजानं वडिलांच्या जमिनीत भाऊ असलेल्या लेकीला हिस्सा नव्हता. तिचं माहेर म्हणजे दोन्ही भावांची दारं उघडी असणं, एवढीच तिची मिळकत. एक दार बंद झालं तर तिचं निम्मं माहेर जातं. ती तटस्थ नव्हती, तिचाही स्वार्थ होता, फक्त तो दोघांच्या समेटातच होता.

1994 मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. आज बहीण वाटणीत तिसरी हिस्सेदार आहे, किंवा तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं आणि सही कर म्हणून सांगितलं जातं. अशा वेळी तिनं दोघांची मध्यस्थ म्हणून गोड गावं अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या जागेवरून ती ओवी निघाली ती जागा आता नाही, आणि ती गेली हे ठीकच झालं.

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढची आत्या असेल आणि तिला ओव्या येत असतील, तर त्या आजच म्हणवून घ्या आणि आवाज टिपून ठेवा. फक्त तिला एकटीला बसवू नका. समोर तिच्या भावजयीला बसवा, आणि दोघींना काय म्हणायचं ते म्हणू द्या.